स्कॅन केल्यावर 1 नंबरवर भलताच चॅनेल? ब्रिटनमध्ये फ्रीव्ह्यूचे नंबर कसे ठरतात आणि क्रम कसा लावायचा

इंग्लंडमध्ये नव्याने भाड्याच्या घरात आलेल्या मंडळींकडून एक तक्रार नेहमी ऐकू येते. टीव्हीला भिंतीतली अँटेनाची वायर लावली, स्कॅन झाला, शे-दीडशे चॅनेल आले. पण बातम्या भलत्याच गावाच्या लागतात, 4 वर न कळणारी भाषा चालू असते आणि एकच चॅनेल दोन-दोनदा दिसतो. मग माणूस पुन्हा स्कॅन करतो आणि तेच सगळं पुन्हा येतं. यात टीव्ही बिघडलेला नसतो, अँटेनाही बहुधा ठीक असते. घोळ असतो नंबरांचा. ते कोण ठरवतं हे कळलं की अर्ध्या-पाऊण तासात काम होतं.

हा लेख छतावरच्या अँटेनाने दिसणाऱ्या फ्रीव्ह्यू या मोफत टीव्ही सेवेबद्दल आहे. तुमच्याकडे डिश किंवा केबलचा बॉक्स असेल तर नंबर त्या कंपनीचे असतात आणि पुढचं बरंचसं लागू होत नाही.

आधी हे हाताशी ठेवा

घराचा पोस्टकोड, टीव्हीचा रिमोट (मूळचा, युनिव्हर्सल रिमोटवर मेनूची बटणं कधी कधी नसतात), टीव्हीचा मॉडेल नंबर आणि पिन. पिन बदललेला नसेल तर तो बहुतेक 0000 असतो, नाहीतर मॉडेलच्या पुस्तिकेत सापडतो. एक कागद लागेल. चॅनेलची यादी संगणकावर लावायची असेल तर पेनड्राइव्ह. कागदपत्रं म्हणाल तर कुठलीच लागत नाहीत, पण लाइव्ह टीव्ही पाहायला टीव्ही लायसन्स लागतं, ते घरात आल्या आल्या पाहून टाका. आधीच्या भाडेकरूचं लायसन्स तुम्हाला चालत नाही.

रेकॉर्डिंग करणारा बॉक्स असेल तर लावून ठेवलेली रेकॉर्डिंग कागदावर उतरवून घ्या. पूर्ण स्कॅनमध्ये बहुतेक बॉक्स ती पुसून टाकतात.

1. नंबर येतो कुठून

स्कॅन म्हणजे टीव्ही एकेक फ्रिक्वेन्सी चाचपत जातो. ब्रिटनमध्ये टीव्हीसाठी सध्या यूएचएफ पट्ट्यातले 21 ते 48 हे चॅनेल आहेत. हा ‘चॅनेल’ म्हणजे फ्रिक्वेन्सीचा नंबर, रिमोटवरचा नव्हे; गोंधळ टाळायला पुढे त्याला यूएचएफ नंबर म्हणतो. अशा एका यूएचएफ नंबरवर एक मल्टिप्लेक्स येतो आणि त्या एकाच मल्टिप्लेक्सच्या पोटात डझनभर किंवा त्याहून जास्त चॅनेल असतात.

चित्र आणि आवाजाच्या जोडीने प्रत्येक मल्टिप्लेक्स काही तक्तेही पाठवत असतो. त्यातल्या NIT या तक्त्यात रिमोटवरच्या नंबरांची यादी असते. हाच लॉजिकल चॅनेल नंबर, लोक त्याला एलसीएन म्हणतात. यादीतली एक नोंद अशी असते:

```
service_id                16 bit
visible_service_flag       1 bit
reserved                   5 bit
logical_channel_number    10 bit
```

म्हणजे ‘अमुक सेवा अमुक नंबरवर दाखव’ एवढाच निरोप. मधला एक बिट सेवा यादीत दिसू द्यायची की लपवायची ते सांगतो. नंबरासाठी 10 बिट असल्यामुळे तो 1023 पर्यंत जाऊ शकतो, पण रिमोटच्या सोयीसाठी व्यवहारात तीन आकड्यांतच काम चालतं.

त्यामुळे स्कॅनमध्ये कुठला चॅनेल आधी सापडला याला साधारणपणे महत्त्व नसतं. बीबीसी वन शेवटच्या फ्रिक्वेन्सीवर सापडला तरी जाऊन बसतो 1 वरच. हे नंबर मनाला येतील तसे वाटलेले नाहीत. सार्वजनिक सेवेच्या वाहिन्या सुरुवातीच्या नंबरांवर ठेवाव्यात असा ऑफकॉम या नियामकाचा आग्रह असतो आणि प्रत्यक्ष नंबरवाटप एव्हरीवन टीव्ही ही संस्था करते. जुन्या लेखांत तिचं नाव डिजिटल यूके असं दिसेल. इंग्लंडमध्ये 1 बीबीसी वन, 2 बीबीसी टू, 3 आयटीव्ही, 4 चॅनेल 4 आणि 5 चॅनेल 5. रेडिओ 700 च्या पुढे.

वेल्समध्ये मात्र 4 वर एसफोरसी ही वेल्श भाषेची वाहिनी असते आणि चॅनेल 4 जातो दुसऱ्या नंबरवर. ही एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे निदानासाठी कामाला येते.

2. दोघांनी एकच नंबर मागितला तर

खरी कटकट इथे सुरू होते. ट्रान्समीटरच्या सीमेवरच्या घरांत दोन बाजूंचे सिग्नल येतात. दोन्हीकडचे तक्ते आपापल्या बीबीसी वनसाठी 1 मागतात. टीव्ही एकालाच 1 देऊ शकतो, आणि दुसऱ्याची रवानगी 800 च्या पुढच्या जागांत होते. तो पट्टा अशा उरलेल्यांसाठीच ठेवलेला आहे. 800 च्या पुढे काही दिसलं की समजायचं, आपल्या टीव्हीला दोन ट्रान्समीटर सापडलेत.

1 कोणाला मिळतो हे टीव्हीवर अवलंबून असतं. काही जुने टीव्ही आधी सापडला त्याला देतात, काही सिग्नलचा दर्जा तोलतात. नवे एचडी टीव्ही स्कॅन संपताना प्रदेश विचारतात: देश कोणता, मग त्यातला भाग कोणता. हा प्रश्न दिसला की लोक घाईने OK दाबतात आणि यादीतला पहिला पर्याय निवडला जातो. नव्या टीव्हीवर चुकीच्या प्रदेशाच्या बातम्या लागण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

3. निदान: ब्रॅडली स्टोकमधलं एक घर

ब्रिस्टलच्या उत्तरेला फिल्टन आणि ब्रॅडली स्टोक या भागात विमान आणि इंजिनांच्या कारखान्यांमुळे मराठी इंजिनिअरांची घरं बरीच आहेत. या भागाचा ट्रान्समीटर मेंडिप, दक्षिणेला वेल्स गावाजवळच्या डोंगरावर. (हे गाव वेगळं आणि वेल्स देश वेगळा.) पण सेव्हर्न नदीच्या रुंद मुखापलीकडे कार्डिफजवळ वेनव्होचा ट्रान्समीटर आहे आणि पाण्यावरून त्याचा सिग्नल इकडच्या किनाऱ्यापर्यंत मजेत येतो.

अशाच एका घरी आई-बाबा भारतातून आले होते. बाबांनी विचारलं, “अरे, या चार नंबरवर कुठली भाषा आहे? इंग्रजी तर नाही.” ती वेल्श होती. रिमोट हातात घेऊन पाहिलं तेव्हा चित्र असं होतं: 1 वर बीबीसी वन वेल्स, 3 वर आयटीव्हीची वेल्सची आवृत्ती, 4 वर एसफोरसी, चॅनेल 4 दुसऱ्याच नंबरवर. आणि 800 वर बीबीसी वन वेस्ट, म्हणजे ब्रिस्टलचा स्वतःचा बीबीसी, पाहुण्यासारखा शेवटच्या खोलीत.

तुमच्या घरी तीन गोष्टी तपासा.

4 पाहा. 4 वर एसफोरसी असेल तर टीव्हीने वेल्सचा ट्रान्समीटर मुख्य मानलाय.

संध्याकाळी साडेसहाला 1 लावा. त्या वेळी बीबीसी वनवर प्रादेशिक बातम्या असतात. ‘पॉइंट्स वेस्ट’ लागलं तर ब्रिस्टल, ‘वेल्स टुडे’ लागलं तर कार्डिफ.

मग टीव्हीचा सिग्नल माहिती देणारा पडदा उघडा. बहुतेक टीव्हींत तो Signal Information किंवा तशाच नावाने मेनूत असतो. तिथे यूएचएफ नंबर किंवा मेगाहर्ट्झमधली फ्रिक्वेन्सी दिसते. नुसती फ्रिक्वेन्सी दिसली तर हिशेब सोपा आहे:

```
MHz = 306 + 8 × N
```

N म्हणजे यूएचएफ नंबर. वेनव्होचे मुख्य तीन मल्टिप्लेक्स 41, 44 आणि 47 वर आहेत, म्हणजे 634, 658 आणि 682 मेगाहर्ट्झ. 1 नंबरवर असताना पडद्यावर 634 दिसलं तर टीव्ही बोलतोय वेल्सशी. या घरात तेच दिसत होतं.

आता फ्रीव्ह्यूच्या वेबसाइटवरच्या कव्हरेज चेकरमध्ये पोस्टकोड टाका आणि सविस्तर माहितीचा पर्याय निवडा. कुठला ट्रान्समीटर तुमचा आणि त्याचे मल्टिप्लेक्स कोणत्या यूएचएफ नंबरांवर, हे तिथे मिळतं. ते सहा आकडे कागदावर लिहा. नावं अशी दिसतील: BBC A, D3&4, BBC B, मग SDN, Arqiva A आणि Arqiva B. पहिले तीन सार्वजनिक सेवेचे. प्रादेशिक फरक त्यांतच असतो. उरलेल्या तिघांत तो जवळपास नसतोच, त्यामुळे ते शेजारच्या ट्रान्समीटरवरून आले तरी बिघडत नाही.

4. आधी स्कॅन साफ करा, क्रम नंतर

पुष्कळ जण चुकीच्या यादीवरच क्रम लावायला बसतात. तसं करू नका. चुकीच्या ट्रान्समीटरचा बीबीसी 1 वर ओढून आणला तरी पुढच्या आपोआप अपडेटमध्ये तो परत जागा बदलतो.

पहिला उपाय सगळ्यात सोपा. मेनूत पूर्ण स्कॅन निवडा. ‘नवे चॅनेल जोडा’ किंवा ‘अपडेट’ असा पर्याय घेऊ नका, तो जुन्या यादीवरच नवी भर घालतो. प्रदेशाचा प्रश्न आला की सावकाश वाचून उत्तर द्या. ब्रॅडली स्टोकसाठी इंग्लंड, मग वेस्ट. निम्म्या घरांचं काम इथेच संपतं.

प्रश्न आलाच नाही तर दुसरा उपाय, अँटेनाची वायर काढण्याचा. स्कॅन 21 पासून वर जातो आणि प्रगती पडद्यावर दिसते. तुमचे सगळे नंबर खाली आणि नको असलेले वर असतील, तर तुमचा शेवटचा नंबर ओलांडला की वायर काढायची. उलट असेल तर वायर न लावता स्कॅन सुरू करून मग लावायची. मात्र दोन्ही ट्रान्समीटरचे नंबर एकमेकांत मिसळलेले असतील तर हा उपाय सोडा, एखादा मल्टिप्लेक्स हकनाक गमावाल.

तिसरा उपाय खात्रीचा: हाताने ट्यूनिंग. आधी यादी रिकामी करावी लागते. वायर काढून पूर्ण स्कॅन चालवला की बहुतेक टीव्ही ‘चॅनेल सापडले नाहीत’ म्हणतात आणि यादी पुसतात. काही टीव्ही मात्र जुनी यादी तशीच ठेवतात. तेव्हा फॅक्टरी रिसेट करून पहिल्या सेटअपमध्ये चॅनेलचा भाग वगळावा लागतो. मग वायर लावा, Manual Tuning मध्ये जा आणि कागदावरचे सहा नंबर एकेक करून घाला. प्रत्येकानंतर किती चॅनेल मिळाले ते टीव्ही सांगतो. सुरुवात BBC A पासून करा, म्हणजे 1, 2 लगेच तपासता येतात. एचडी चॅनेल असलेला BBC B वेगळ्या पद्धतीने, डीव्हीबी-टी2 ने येतो. काही टीव्ही हाताने ट्यून करताना T की T2 असं विचारतात. तिथे T2 निवडलं नाही तर सिग्नल भरपूर आणि चॅनेल शून्य असा प्रकार होतो.

त्या घरी आम्ही हेच केलं. सहा नंबर घातल्यावर 1 वर बीबीसी वन वेस्ट, 4 वर चॅनेल 4, आणि 800 च्या पुढे काही नाही.

एक सांभाळायचं: उन्हाळ्यात हवेचा दाब जास्त असतो तेव्हा लांबचे, एरवी कधी न दिसणारे ट्रान्समीटरही पोहोचतात आणि चित्राचे चौकोन पडू लागतात. लोक घाबरून त्याच दिवशी पुन्हा स्कॅन करतात आणि दूरचा ट्रान्समीटर यादीत कायमचा येऊन बसतो. अशा दिवशी काहीही करू नका. हवा बदलली की चित्र आपोआप सुधारतं.

5. आता क्रम तुमच्या मनासारखा

यादी बरोबर आहे, नंबर अधिकृत आहेत, पण तुम्हाला मुलांचे चॅनेल आणि बातम्या जवळ हव्यात. सीबीबीज 202 वर आणि बीबीसी न्यूज 231 वर, हे आजीला कोण सांगणार? इथे तीन वाटा आहेत.

*फेव्हरिट यादी.* माझा कौल हिलाच. नंबर तसेच राहतात, पण तुम्ही निवडलेले पंधरा-वीस चॅनेल वेगळ्या यादीत, तुम्ही लावलेल्या क्रमाने येतात. ती यादी चालू केली की वर-खाली बटणं तेवढ्याच चॅनेलांत फिरतात. अपडेट झालं तरी ही यादी सहसा टिकते. एखादा चॅनेल दुसऱ्या मल्टिप्लेक्सवर हलवला गेला तर तेवढा एक गळतो, पुन्हा घालावा लागतो.

*टीव्हीतच नंबर बदलणे.* फ्रीव्ह्यूचे नंबर पाळताना बरेच टीव्ही क्रम बदलू देत नाहीत. हलवण्याचा पर्याय फिकट दिसतो आणि लोकांना वाटतं रिमोट बिघडला. कुलूप उघडण्याची जागा वेगळी असते. सॅमसंगच्या बऱ्याच मॉडेलांत Settings मधल्या Broadcasting, तिथून Expert Settings मध्ये Edit Channel Numbers हा पर्याय आधी चालू करावा लागतो. एलजीच्या काही टीव्हींत स्कॅनच्या वेळीच Automatic Numbering अशी खूण असते. ती काढली की टीव्ही एलसीएन वाचतच नाही आणि चॅनेल सापडले त्या क्रमाने लावतो. त्यानंतर ते हलवता येतात. पण मग सगळेच हलवावे लागतात, कारण 1 वर आता खरेदीचा एखादा चॅनेलही बसलेला असू शकतो. शंभर चॅनेल बाणाच्या बटणाने हलवायला बसणं म्हणजे रविवार गेला.

*संगणकावर क्रम लावणे.* तेवढी हौस असेल तर हा मार्ग बरा. टीव्हीच्या Transfer Channel List किंवा तशा पर्यायाने यादी पेनड्राइव्हवर उतरवा, ChanSort या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडा, माउसने ओढून क्रम लावा, जतन करा आणि टीव्हीत परत घाला. मूळ फाइलची प्रत आधी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, काही बिनसलं तर तीच परत घालता येते. मित्राच्या टीव्हीची यादी आपल्या टीव्हीत घालायचा मोह होतो. मॉडेल वेगळं असेल तर घालू नका. मॉडेल एकच पण गाव वेगळं असलं तरी उपयोग नाही, यादीत फ्रिक्वेन्सीही असतात.

6. लावलेला क्रम मोडू नये म्हणून

टीव्ही बंद असताना, म्हणजे स्टँडबायवर, तो रात्री गुपचूप चॅनेल तपासतो. नवे सापडले तर एलसीएनची मांडणी नव्याने करतो आणि तुमची मेहनत सकाळी गायब झालेली असते. नंबर हाताने बदलले असतील किंवा हाताने ट्यूनिंग केलं असेल तर Auto Update किंवा Auto Channel Update बंद करा. त्याची किंमत अशी की फ्रीव्ह्यूने चॅनेल हलवले तर टीव्हीला आपोआप कळणार नाही. एखादा चॅनेल अचानक काळा पडला की तेवढा मल्टिप्लेक्स पुन्हा हाताने ट्यून करायचा. म्हणून तो सहा नंबरांचा कागद टीव्हीच्या मागे चिकटवून ठेवा. फक्त फेव्हरिट यादी वापरत असाल आणि परिसरात एकच ट्रान्समीटर असेल, तर अपडेट चालू राहू द्या.

भारतातल्या घरी हेच करता येईल का?

तिकडच्या डीटीएच आणि केबलच्या बॉक्समध्येही एलसीएनच असतो, पण तो देतो ऑपरेटर. ट्रायच्या 2017 च्या नियमांनुसार एका प्रकारचे चॅनेल एकत्र ठेवायचे असतात आणि एकदा दिलेला नंबर वर्षभर बदलायचा नसतो. प्रेक्षकाला त्या बॉक्समध्ये नंबर हलवता येत नाहीत, फेव्हरिट यादी मात्र बहुतेक बॉक्समध्ये असते. बाजारातल्या साध्या फ्री-टू-एअर बॉक्सपैकी काही एलसीएन वाचत नाहीत आणि चॅनेल उपग्रहाच्या फ्रिक्वेन्सीप्रमाणे, सापडतील तसे लावतात. अशा बॉक्सच्या मेनूत Move असतं, त्याने क्रम लावता येतो. आणि पुढचा स्कॅन कोणी केला की तो पुन्हा विस्कटतो. तेव्हा आई-बाबांच्या घरी क्रम लावून दिलात तर मेनूला पिनचं कुलूप घालून या.